लवंग तेल, तुटलेली दाढ आणि दिल्लीची खेप: कथेसाठी एका दंतवैद्याचं उत्तर

प्रश्न: मी एक लघुकथा लिहितोय. आपल्या खान्देशातला लांब पल्ल्याचा ट्रक ड्रायव्हर आहे. दाढ तुटते, तो लवंगाचं तेल लावून गाडी चालवत राहतो, दवाखाना पुढे ढकलतो. दुखणं वाढत वाढत जातं आणि शेवटी त्याला ॲडमिट करावं लागतं. डॉक्टरांनी वाचलं तरी खोटं वाटू नये. तेलाने खरंच थांबतं का? आणि नंतर नेमकं काय काय होतं?

उत्तर:

तुमच्या आराखड्यात एकच जागा मला खटकली. दुखणं वाढत वाढत गेलं तर ड्रायव्हर काय, कोणीही दवाखान्यात येतो. एवढा ठणका आठ-दहा दिवसांच्या वर कोणाला काढवत नाही. माणूस उशीर करतो, कारण मध्ये दुखणं थांबतं. पूर्ण थांबतं, आपोआप. तो शांत काळ तुमच्या कथेत हवा, कारण लवंग तेलाला श्रेय मिळतं ते तिथेच, आणि पुढचा सगळा घोटाळाही तिथेच सुरू होतो.

जळगाव जिल्ह्यात प्रॅक्टिस करताना केळीच्या गाड्यांवरचे ड्रायव्हर मी खूप पाहिले. त्यातल्या एकाची हकीकत ओळख न देता सांगतो. तुमच्या कथेला ती जवळपास जशीच्या तशी बसेल.

पारोळ्याकडचा गडी, चाळिशी ओलांडलेला. सावदा-रावेरहून केळी भरायची, बऱ्हाणपूर, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा करत दिल्लीच्या आझादपूर मंडीत उतरवायची आणि येताना मिळेल तो माल घेऊन धुळ्याकडे यायचं, हे त्याचं काम. खालची डावी दाढ, अक्कलदाढेच्या अलीकडची, पूर्वी कधीतरी चांदी भरलेली. चांदीच्या कडेने आत कीड पोखरत होती, वरून काही दिसत नव्हतं. एके दिवशी सुपारी फोडताना जिभेकडची भिंत कडकन निघाली. खालच्या दाढांची जिभेकडची बाजू अशी तुटलेली आम्ही नेहमी पाहतो. कथेत हे लक्षात ठेवा, कारण तुटल्यावर पहिला त्रास दाढेचा नसून जिभेचा असतो. उरलेली कड काचेसारखी धारदार असते आणि जीभ सारखी तिथेच जाते. बोलताना, गिळताना ती घासते आणि दोन दिवसांत जिभेच्या कडेला लाल चट्टा पडतो.

पहिले काही दिवस दुखणं साधं असतं. गार पाणी लागलं की सळक येते, दोन सेकंदांत जाते. खिडकीतून वारा तोंडात गेला तरी येते. या टप्प्यावर नस जिवंत असते, फक्त चिडलेली असते. इथे कीड काढून दाढ भरली तर बहुतेकदा एवढ्यावर निभावतं.

आता तेलाबद्दल. लवंग तेल ही भोंदूगिरी नव्हे, आणि कथेतल्या डॉक्टरच्या तोंडी तसं वाक्य घालू नका. त्यात युजेनॉल नावाचं द्रव्य असतं, तेलाचा बराचसा भाग तेच. ते नसेला बधिर करतं. दंतवैद्याच्या दवाखान्यात शिरल्यावर जो ओळखीचा वास येतो, तोही त्याचाच. झिंक ऑक्साइडच्या पावडरीत युजेनॉल कालवून आम्ही कच्चं सिमेंट भरतो आणि त्याने दाढ शांत होते. म्हणजे ड्रायव्हर जे करतो त्यामागे तथ्य आहे. फरक असा, की आमचं सिमेंट कीड काढल्यावर बसतं आणि भोक बंद करतं. त्याच्या तेलाने कीड तिथेच राहते, भोकही उघडं राहतं आणि शेवभाजीची तर्री, चहा, थुंकी सगळं आत जात राहतं.

तो तेल कसं लावतो, ते बारकाईने लिहा. मेडिकलमधून छोटी बाटली घेतो. कापसाचा बोळा नसला तर काडेपेटीच्या काडीला गाडी पुसायच्या फडक्याचा धागा गुंडाळतो, तेलात बुडवतो आणि आरशात बघत दाढेत दाबतो. आधी चरचरतं, डोळ्यांत पाणी येतं. मग जीभ, हिरडी, ओठाचा कोपरा बधिर होतो आणि दाढही थोडी निवते. अर्धा-पाऊण तास बरा जातो, मग पुन्हा लावायचं. दिवसातून पाच-सहा वेळा असं निव्वळ तेल लावलं की दाढेशेजारची हिरडी भाजते. तिच्यावर पांढरी साय आल्यासारखी दिसते, ती निघाली की खाली लालभडक मांस. मग दाढेचं दुखणं कुठलं आणि भाजल्याचं कुठलं हे त्याला कळत नाही, म्हणून तो आणखी तेल लावतो. कोणी दुखणाऱ्या दाढेशेजारी गालात गोळीच धरून ठेवतो, त्यानेही असंच भाजतं.

तिकडे कीड नसेपर्यंत पोचते. मग दुखण्याचा स्वभाव बदलतो. सळक आली की जात नाही, पाच-दहा मिनिटं ठणकत राहते. पुढे कशाने काही न लागताही सुरू होते. रात्री आडवं झालं की वाढते, कारण आडव्या डोक्यात रक्ताचा दाब वाढतो आणि दाढेच्या बंद पोकळीत सुजलेल्या नसेला फुगायला जागाच नसते. त्यामुळे तो केबिनमधल्या फळीवर झोपू शकत नाही. बसून डुलकी काढतो, किंवा झोपायचा नाद सोडून गाडी हाकतो. गरम चहाचा घोट घेतला की डोकं फुटतं. आणि एक खूण अशी, की ती वाचून दंतवैद्य लगेच मान डोलावेल: गार पाण्याची बाटली तो हाताशी ठेवतो, घोट घेऊन गालात धरतो. तेवढ्यापुरतं थांबतं, पाणी कोमट झालं की पुन्हा ठणका. सुरुवातीला गार पाण्याने दुखायचं आणि आता गार पाण्यानेच थांबतं, एवढ्यावरून नस वाचण्यापलीकडे गेली हे कळतं.

याच दिवसांत त्याला कुठली दाढ दुखते हे नीट सांगता येत नाही. नसेला ठणका कळतो, जागा कळत नाही. वरची की खालची यात गफलत होते, कानात कळ मारते. कानातही तेल घालून आलेले लोक मी पाहिलेत.

हा ठणका आठवडाभर, दहा दिवस चालतो. आणि मग एका सकाळी काही नाही. चहा प्यायला, दुखलं नाही. गार पाणी प्यायलं, दुखलं नाही. नस मेली. जिच्यामुळे दुखत होतं तीच उरली नाही.

माझ्याकडे तो ड्रायव्हर आला तो याच काळात. दाढेसाठी आलाच नव्हता. जीभ सोलली होती, तिखट खाता येत नव्हतं, म्हणून आला. खुर्चीत बसता बसता म्हणाला, "डाक्टर, नुसती धार घशी द्या. आते काही दुखस नही. लवंगनं तेलनी बसाडी दिनं." खिशातून बाटली काढून दाखवली. झाकण तेलकट, लेबल पुसलेलं. क्लीनर दाराशी उभा होता, त्यालाही त्याने तेच तेल सुचवलं होतं.

अशा वेळी तपासणी कशी होते, ते तुमच्या उपयोगाचं आहे. मी कापसावर गार स्प्रे मारून आधी शेजारच्या चांगल्या दाढेला लावला. तो दचकला, हात वर झाला. मग तोच कापूस तुटलेल्या दाढेला लावला आणि धरून ठेवला. तो माझ्याकडे बघत राहिला, काहीच नाही. आरशाच्या दांड्याने दाढेवर हलकं ठोकलं, तेव्हा म्हणाला, "हाई जरा येगळी लागस." एक्सरेत मुळाच्या टोकाशी काळसर सावली होती. एक्सरेत काळं दिसायला हाडातला बराच चुना जावा लागतो. म्हणजे सावली दिसली तेव्हा काम आत बरंच पुढे गेलेलं असतं. मेलेल्या नसेत जंतू वाढतात आणि मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. हाड हळूहळू जातं, तोवर माणसाला कळत नाही. हा शांत काळ कोणाचा काही दिवसांचा, कोणाचा महिनोन्महिने.

मी त्याला सांगितलं, आज दाढ उघडतो, मेलेली नस काढतो, आतून धुऊन औषध ठेवतो, वरून कच्चं सिमेंट. पाऊण तासाचं काम. दुखणार नाही आणि दिल्लीची खेप करता येईल. आल्यावर उरलेलं रूट कॅनाल आणि कॅप. तो ऐकत होता, पण नजर फोनवर होती. सावद्याला गाडी भरून उभी होती. केळी हिरवी भरतात आणि वाटेत उशीर झाला तर ती गाडीतच पिकू लागते. मग भाव पडतो, शेठ भाड्यात कापतो. न दुखणाऱ्या दाढेसाठी पाऊण तास द्यायला कोण तयार होईल? हा माणूस निष्काळजी नव्हता. त्याचा हिशेब त्याच्या जागी बरोबर होता, फक्त एक आकडा त्याला दिसत नव्हता. तुमचं पात्र असं उभं राहिलं तर कथा खरी होईल. अडाणी किंवा भित्रा दाखवलात तर ती पडेल.

मी धार घासून दिली आणि दोघांनाही सांगितलं, गालावर सूज आली तर लवकर दाखवा, पण जबड्याखाली सूज आली किंवा गिळायला जड गेलं, तर जिथे असाल तिथल्या मोठ्या दवाखान्यात जा, गावाकडे यायची वाट पाहू नका.

पुढचं क्लीनरकडून कळलं. इंदूर ओलांडल्यावर दाढ उंच वाटायला लागली. हा शब्द रोगी स्वतःच वापरतात, दाढ वर आल्यासारखी वाटते. मुळाच्या टोकाशी पू साठला की दाढ किंचित वर ढकलली जाते आणि तोंड मिटताना तीच आधी टेकते. गाडी खड्ड्यात आदळली की दात दातावर बसतात आणि तो कळवळतो. आता तो बोट ठेवून नेमकी दाढ दाखवू शकतो, कारण आता मुळाभोवतीचं आवरण दुखतंय आणि त्याला जागा कळते. त्याने बाटली काढली, पुन्हा तेल लावलं. या वेळी तेलाने काही झालं नाही. दुखणारी जागा आता दाढेच्या आत नव्हतीच, ती हाडात होती आणि तिथपर्यंत तेल पोचत नाही. भरवशाचं औषध हातात असून चालेनासं होतं, हा प्रसंग तुमच्या कथेत मोकळेपणाने रंगवा.

दिल्लीला माल उतरवला तेव्हा ताप होता. मंडीजवळच्या मेडिकलमधून अँटिबायोटिक आणि दुखण्याच्या गोळ्या घेतल्या. दीड दिवसात उतार पडला, मग गोळ्या बंद केल्या. गोळीचं औषध रक्तातून जातं. मेलेल्या दाढेच्या आत रक्त जात नाही, त्यामुळे आसपासचे जंतू दबतात आणि मूळ अड्डा तसाच राहतो. परतीच्या वाटेवर गुनाच्या पुढे त्याने फडकं गरम करून गाल बाहेरून शेकला. हेही करू नये. शेकल्याने सूज बाहेरच्या बाजूला ओढली जाते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालतात, बाहेरून शेक नको.

आता सूज कुठे येते, ते नीट सांगतो, कारण इथे बहुतेक लेखक गाल फुगवतात. फुगलेला गाल दिसायला भयंकर, पण तो पू बऱ्याचदा हिरडीतून किंवा गालाच्या आतून फुटून निघतो. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला एक पातळ स्नायू झोळीसारखा आडवा बांधलेला असतो, त्यावर जीभ टेकते. पुढच्या दातांची मुळं सहसा या स्नायूच्या वर संपतात. या ड्रायव्हरची जी दाढ होती तिची आणि अक्कलदाढेची मुळं त्याच्या खाली संपतात. त्यामुळे तिथला पू आतल्या बाजूने फुटला तर तोंडात न येता जबड्याखाली, गळ्याच्या दिशेने उतरतो. बाहेरून दिसतं काय, तर जबड्याखालची घडी भरलेली आणि दाबली तर लाकडासारखी घट्ट. गाल जवळजवळ सपाट. बघणारा म्हणतो, सूज तर कमीच आहे.

सूज दोन्ही बाजूंना आणि जिभेखाली पसरली की जीभ वर आणि मागे ढकलली जाते. जर्मन डॉक्टर विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी 1836 मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून याला लुडविग अँजायना म्हणतात. त्यात श्वासाची वाट बंद होऊ शकते, काही तासांतसुद्धा.

सेंधव्याच्या ढाब्यावर क्लीनरने पाहिलं, की उस्ताद चहाचा कप तसाच धरून बसलाय. घोट घेतला तो ओठाच्या कोपऱ्यातून परत आला. थुंकी गिळत नव्हता, फडक्याने टिपत होता. बोलला तर तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा आवाज. आडवा हो म्हटलं तर होईना, पुढे वाकून बसला. तोंड एका बोटाएवढं उघडत होतं. इथे एक खाचखळगा आहे. हा माणूस वर्षानुवर्षं गुटखा खाणारा. महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, तरी खाणारे खातात. गुटख्याने गालाची आतली त्वचा ताठ होते आणि तोंड कायमचंच कमी उघडतं. चांगल्या माणसाची स्वतःची तीन बोटं उभी आत जातात, याची आधीपासून दोनच जात होती. म्हणून एक बोट झालं तेव्हा त्याला स्वतःला फारसा फरक वाटला नाही. क्लीनरला वाटला.

क्लीनरने गाडी हाकली की दुसरी जीप केली, हे मला ठाऊक नाही. बिजासन घाट उतरून, पळासनेर, शिरपूर मागे टाकून रात्री त्याला धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात दाखल केलं. तिथे पहिली गोष्ट दाढेची होत नाही, श्वासाची होते. रोग्याला बसतं ठेवतात, ऑक्सिजन लावतात, भूलतज्ज्ञ आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर उभे राहतात. कधी गळ्याला पुढून भोक पाडून नळी घालावी लागते. त्याला लागली नाही, थोडक्यात टळली. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं, जबड्याखाली चिरा देऊन पू मोकळा केला, रबराच्या नळ्या ठेवल्या आणि दाढ काढली. रक्त तपासलं तर शुगर तीनशेच्या वर. त्याला मधुमेह आहे हे त्या रात्री कळलं. ताब्यात नसलेली शुगर असली की असा पू भराभर पसरतो आणि चाळिशीतल्या ड्रायव्हरच्या बाबतीत हे मुळीच दुर्मिळ नाही. तुमच्या डॉक्टरला शुगरबद्दल विचारू द्या, नाहीतर तो डॉक्टर वाटणार नाही.

शेवटाबद्दल दोन गोष्टी. त्याला चौथ्या दिवशी स्टेअरिंगवर बसवू नका. नळ्या निघायला काही दिवस लागतात, जखम भरायला त्याहून जास्त, आणि शुगर जागेवर आणल्याशिवाय ती भरत नाही. तोंड उघडायला शिकवावं लागतं. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड दातांमध्ये धरायची, दर दोन-चार दिवसांनी एक काडी वाढवायची. गुटख्याने आधीच ताठलेल्या गालाला हे फार जड जातं. तो माझ्याकडे नंतर यासाठीच येत होता, जबड्याखाली दोन आडवे व्रण घेऊन.

दुसरं म्हणजे कथेत त्याला काही न गमावता वाचवायचं असेल तर वळणं दोनच आहेत. पहिलं, गार पाण्याची सळक दोन सेकंदांत जाते तेव्हा. दुसरं, दुखणं थांबल्यावर पाऊण तास खुर्चीत बसला तर. दाढही राहते आणि खेपही होते. त्यानंतर दाढ उंच वाटू लागली की मागे इंदूर आहे, पुढे ग्वाल्हेर आहे, दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेजचा मोठा दवाखाना आहे. तिथे थांबला तर खेप जाईल, दाढ कदाचित जाईल, चिरा टळतील. जबड्याखाली घट्टपणा आल्यावर मात्र तेल, गोळी, शेक, गावचा डॉक्टर यातलं काहीही लिहू नका. तिथे सरळ मोठा दवाखाना, आणि वाटेत त्याला आडवं झोपवू नका, पुढे वाकून बसूनच न्या.